ई चिंग: ३३ वा हेक्झाग्राम (माघार), तिसरी रेषा बदलती. नात्यातून मागे सरावं का?

अधांतरी
नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र आहे, हा माझा पहिला धागा. विषय चुकीच्या विभागात टाकला असेल तर हलवा.

काही वर्षं एका नात्यात आहे, एकत्र राहतो. मारझोड, दारू, फसवणूक असलं काही नाही, त्यामुळे कृपया त्या दिशेने सल्ले नकोत. अडचण एवढीच, की "पुढे काय" हा विषय निघाला की तो हसून टाळतो, आणि टाळता आलं नाही तर त्याचं डोकं दुखायला लागतं. हल्ली मी हळूहळू मागे सरतेय. वेगळ्या खोलीत झोपते, त्याच्या मित्रांकडे जाणं बंद केलंय. पण रात्री दाराशी येऊन तो "पाच मिनिटं बोल ना" म्हणाला की मी तासभर बोलत बसते आणि सकाळी उठून पुन्हा परकी होते.

ई चिंग या जुन्या चिनी कौलग्रंथाला विचारायचं म्हणून प्रश्न आधी कागदावर लिहिला: "या नात्यातून मागे सरणं शहाणपणाचं आहे का?" मग तीन नाणी सहा वेळा टाकली. छाप ३, काटा २ धरला. आकडे आले ते असे: ८, ८, ९, ७, ७, ७. ८ म्हणजे तुटक रेषा, ७ अखंड, ९ अखंड पण बदलती. अशा सहा रेषांची आकृती म्हणजे हेक्झाग्राम, माझा आला ३३, माघार. तिसरी रेषा बदलती, ती तुटक झाली की दुसरा हेक्झाग्राम १२, कोंडी. तिसऱ्या रेषेचा मजकूर साधारण असा आहे: बांधलेली माघार, आजार, धोका, नोकर-दासी सांभाळणं शुभ.

माघार आली म्हणजे "निघ" असं वाचायचं, की धोका आला म्हणजे "थांब" असं? आणि यात दासी कोण, मी का?

हौशी_ज्योतिषी
ताई, गडबड झालीय. ८, ८, ९, ७, ७, ७ हे वरून खाली मांडून बघा. वरच्या दोन रेषा तुटक, खालच्या चार अखंड. हा ३४ आहे, महाबळ! बदलती रेषा चौथी, आणि ती म्हणते कुंपण उघडलं, अडकायला होत नाही, मोठ्या गाडीचा आस भक्कम आहे. ती बदलली की ११, म्हणजे शांती. याहून चांगलं काय हवं? थेट लग्नाचं बोलून टाका. माझ्या मते दोघांच्या पत्रिका पण एकदा जुळवून घ्या, म्हणजे शंका उरणार नाही.

आडवाट
माघार = माघार. एवढं सरळ उत्तर फार कमी जणांना मिळतं. निघा. धागा संपला.

जुनापोस्टमन
धागा संपला नाही, सुरू पण झालेला नाही.

हौशी, रेषा खालून वर मांडतात. पहिली फेक तळाशी, सहावी माथ्यावर. अधांतरी, तुम्ही तसंच मांडलं होतं ना? ३३ आणि ३४ ही एकच आकृती आहे, फक्त उलटी धरलेली, आणि ग्रंथात ती शेजारी ठेवलीय. त्यामुळे मांडणी उलटी झाली की उत्तर थोडंसं नाही, पुरतं उलटं होतं. तुमच्या बाबतीत तर बघा, एकीकडे "बांधलेली माघार" आणि पुढे कोंडी, दुसरीकडे "कुंपण उघडलं" आणि पुढे शांती. म्हणून आधी खात्री करू, अर्थ नंतर.

अधांतरी
हो, खालूनच. प्रत्येक फेकीपुढे क्रमांक घातला होता, १ तळाला आहे. ३३ च.

टिचकी
मला एक मजा सांगू द्या. हेच आकडे वरून खाली घेतले तर ३४. छाप २ आणि काटा ३ धरला तर प्रत्येक रेषा उलटते आणि येतो १९, ज्याचं नाव आहे "जवळ येणं". म्हणजे त्याच नाण्यांच्या त्याच फेकीतून जा, ये आणि जोर लाव अशी तीन उत्तरं निघतात. ६४ पैकी कुठलाही हेक्झाग्राम येण्याची शक्यता ६४ त १. यावर कुणी घर सोडणार असेल तर मला काळजी वाटते.

जुनापोस्टमन
टिचकी, गणित बरोबर आहे. म्हणूनच छाप किती आणि काटा किती हे फेकण्याआधी ठरवायचं असतं आणि मग बदलायचं नसतं. बाईंनी ते केलंय. नाण्यांना काही कळतं असं मी म्हणत नाही, त्या वादात मला रस पण नाही. माझा रस एवढाच, की समोर आलेला मजकूर नीट वाचला जातोय का. आडवाट यांनी तो वाचलेला नाही, फक्त मथळा वाचलाय.

आता सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आकृती बघा. खाली पर्वत, वर आकाश. तळाच्या दोन रेषा तुटक म्हणजे यिन, वरच्या चार अखंड म्हणजे यांग. जुन्या चिनी पंचांगात बारा हेक्झाग्राम बारा महिन्यांना वाटून दिलेत, त्यात हा सहाव्या चांद्र महिन्याचा. ऐन उन्हाळा असतो, पण दिवस लहान व्हायला लागलेले असतात. पाचव्या महिन्यात (४४) तळाशी एक तुटक रेषा येते, सहाव्यात दोन होतात, सातव्यात तीन. पुढे चढत चढत दहाव्यात सहाच्या सहा तुटक. तेव्हा ३३ ही हरल्यावरची पळापळ नाही. चार रेषा अजून भक्कम असताना, चढत येणारी गोष्ट ओळखून, वेळेवर मागे होणं म्हणजे ही माघार. म्हणूनच मूळ वाक्यात तिला यश म्हटलंय, आणि पुढे जोडलंय की लाभ लहान गोष्टींत धरून राहण्याचा. "नातं तोड" असं त्यात कुठेही नाही. चित्राचं वाक्य म्हणतं, थोर माणूस क्षुद्रांना लांब ठेवतो, द्वेष न करता, पण कडकपणे.

इथे एक सूचना. हे वाक्य वाचलं की नव्वद टक्के लोक लगेच स्वतःला थोर आणि समोरच्याला क्षुद्र ठरवून मोकळे होतात. तसं करू नका. आकृतीत तळातून काय चढतंय ते शोधायचं असतं, आणि ते माणूसच असेल असं नाही. तुमच्या घरात मला ते "टाळणं" दिसतं. त्यात तुमचाही वाटा आहे. रात्रीच्या तासाभरात तुम्ही तो प्रश्न काढता का?

आता तुमची रेषा. तिसरी, पर्वताचा माथा. पर्वताचा गुण थांबण्याचा, आणि तो थांबा नेमका याच रेषेत असतो. तिच्या लगेच खाली दुसरी रेषा, जिचा मजकूर आहे पिवळ्या बैलाच्या कातड्याने घट्ट बांधलंय, कुणाला सोडवता येत नाही. हा शेजार तिसरीला धरून ठेवतो. दुसरं असं, की हेक्झाग्राममध्ये १-४, २-५, ३-६ अशा जोड्या लावतात आणि एक यांग एक यिन असेल तर त्यांचं जमतं म्हणतात. पहिलीचं चौथीशी जमतं, दुसरीचं पाचवीशी. तिसरी आणि सहावी दोन्ही यांग. म्हणजे तिसरीला खालून ओढणारं आहे, पण पलीकडून हात देणारं कोणी नाही. बांधलेली माघार ती हीच. तोंडाने निघालेली, पायाने तिथेच.

तुम्ही लिहिलेलं "रात्री तासभर, सकाळी परकी" हे मी तीनदा वाचलं. रेषेचं याहून नेमकं उदाहरण मला सुचलं नसतं.

काजवा
मला पण ३३ आला होता! माझी सहावी रेषा बदलती होती. "सगळ्यालाच लाभ" अशी आहे ती. आणि बदलून ३१, ज्यात स्पष्ट लिहिलंय की वधू घेणं शुभ. मी ब्रेकअपच्या वेळी विचारलं होतं. मी सरळ बाजूला झालो, एक मेसेज केला नाही. पुढे दुसऱ्याच मुलीशी ओळख झाली आणि आता लग्न ठरलंय. त्यामुळे मी म्हणेन ताई, निघा, पुढे चांगलंच होतं. दुसरा हेक्झाग्राम म्हणजे फळ असतं.

शंखपुष्पी
काजवा, अभिनंदन. पण तुमची सहावी आणि यांची तिसरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहावीला खाली कोणी धरलेलं नाही, ती सगळ्यात लांब आहे, म्हणून तिची माघार मोकळी. तुम्ही मेसेज केला नाही आणि तुमचं निभावलं, कारण तुम्ही मुळात बाहेरच होतात. या अजून एका छपराखाली राहतात.

आणि दुसरा हेक्झाग्राम म्हणजे फळ हे सगळेच मानत नाहीत. चू शी या जुन्या चिनी भाष्यकारांच्या पद्धतीत एकच रेषा बदलत असेल तर उत्तर त्या रेषेचा मजकूर. संपलं. १२ वाचून "कोंडी होणार, नातं मेलं" असं भाकीत करणं मला पटत नाही.

जुनापोस्टमन
शंखपुष्पी, पद्धत मान्य. तरी या एका प्रसंगात १२ कडे डोळेझाक करणं मला जड जातं, कारण तो नुसता दुसरा हेक्झाग्राम नाही, पंचांगातला पुढचाच महिना आहे. ३३ मध्ये दोन तुटक रेषा, १२ मध्ये तीन. म्हणजे यांची जी रेषा बदलतेय तिथेच यिनची पुढची पायरी पडते. बांधून राहिलेली रेषा शेवटी ज्याने बांधलं त्याच बाजूची होते, असं मी वाचतो. १२ मध्ये आकाश वर, पृथ्वी खाली, एक वर जातंय आणि एक खाली, दोघांची गाठ पडत नाही. एका घरात दोन खोल्या.

शंखपुष्पी
वाचायला सुंदर आहे. पण तुम्ही "दोन खोल्या" आधी वाचल्या होत्या, आकृतीत नंतर बघितल्या. रेषा तिसरीऐवजी पाचवी बदलली असती तर ५६ आला असता, प्रवासी. त्यातही तुम्हाला एका घरातला पाहुणा दिसला असता.

जुनापोस्टमन
दिसला असता, नाकारत नाही.

मनवा_
कुणी "नोकर-दासी" बद्दल बोलणार आहे का? की पुरुषांना ते वाक्य आवडलं म्हणून सगळे गप्प आहेत? अधांतरीने विचारलंय, मी दासी का? मला तर सरळ दिसतंय, ती घर चालवते आणि तो डोकं दुखवून घेतो. असल्या ग्रंथाने बाईला सल्ला द्यावा का, हाच माझा प्रश्न.

शंखपुष्पी
मनवा, राग रास्त आहे. ग्रंथ ज्या समाजातला आहे त्यात मोठ्या घराचा धनी आणि त्याची माणसं हे गृहीत आहे, ते धुऊन काढता येणार नाही. पण वाक्याचं काम काय ते बघू. याच रेषेवरच्या जुन्या टिप्पणीत एक पुरवणी आहे: नोकर-दासी सांभाळणं शुभ, मोठ्या कामाला हात घालता येत नाही. म्हणजे रेषा ज्या जागी आहे तिथून घराची रोजची व्यवस्था चालवता येते, मोठा निर्णय नाही. अधांतरी या वाक्यात सांभाळणाऱ्या जागी आहेत, सांभाळल्या जाणाऱ्या नव्हे. बिलं, किल्ल्या, सामायिक खातं, औषधं, कुणाचं काय आणायचं. हे चालू ठेवा, त्याला प्रेम समजू नका आणि त्याला माघार पण समजू नका.

अधांतरी
हे वाचून जरा वेळ गप्प बसले. म्हणजे मी उलटं करतेय. रोजची व्यवस्था मी मुद्दाम बिघडवलीय (बिल भरलं नाही, त्याला कळावं म्हणून), आणि मोठं बोलणं मात्र रोज रात्री अर्धवट करते. जुनापोस्टमन, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, रात्री मी तो प्रश्न काढत नाही. तो जुन्या आठवणी काढतो, मी हसते.

मग परत एकदा टाकू का? आता प्रश्न स्पष्ट झालाय.

हौशी_ज्योतिषी
टाका टाका, तीनदा टाकून जे दोनदा येईल ते घ्या.

जुनापोस्टमन
अजिबात नको. चौथ्या हेक्झाग्राममध्येच लिहिलंय, पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्रास देणं, आणि त्रास देणाऱ्याला सांगत नाही. परिस्थिती खरंच बदलली तर नवा प्रश्न. नुसतं मन बदललं तर नाही.

प्रश्नाबद्दल मात्र एक सांगायचंय. "शहाणपणाचं आहे का" याला हो किंवा नाही लागतं, आणि रेषा हो-नाही देत नाहीत, स्थिती सांगतात. त्यामुळे तुम्ही "निघ की थांब" मध्ये अडकलात. "मी आत्ता जशी मागे सरतेय त्यात काय आहे" असा प्रश्न मनात धरून हीच रेषा वाचा. फेक तीच राहू द्या.

आडवाट
एवढं सगळं वाचलं. पाचवी रेषा का नको? "सुरेख माघार", स्नेहाने निरोप घ्यायचा, चिकाटीने शुभ. ताईंनी तसंच करावं. गोड बोलून निघावं.

शंखपुष्पी
पाचवी बदललेली नाही. हेक्झाग्राममध्ये सगळ्या माघारी आहेत, पण तुमच्या वाट्याला आलेली एकच. आपल्याला आवडेल ती रेषा उचलली तर नाणी टाकायची गरजच नव्हती. (टिचकी म्हणतील नव्हतीच.)

टिचकी
नव्हतीच. पण या धाग्यावर पहिल्यांदाच कुणीतरी बाईंना "आधी बिल भरा" म्हणालंय, म्हणून मी वाचतोय.

मनवा_
एक गोष्ट गंभीरपणे. अधांतरीने सांगितलंय मारझोड नाही, विश्वास आहे. पण धागा इतर पण वाचतात. याच हेक्झाग्रामच्या पहिल्या रेषेत "माघारीचं शेपूट, धोका, कुठेही जाऊ नको" असं आहे. एखादी घाबरून राहणारी मुलगी ते वाचून थांबेल. जिथे जिवाची भीती आहे तिथे नाणी बाजूला ठेवा आणि माणसांना फोन करा.

जुनापोस्टमन
पूर्ण सहमत. यावर दुसरं मत असू नये.

काजवा
थोडं अवांतर. माघार म्हटल्यावर कायमचंच बाहेर पडणं असतं ना? की परत येता येतं?

जुनापोस्टमन
अवांतर नाही, हाच मुद्दा आहे. चू शी यांचंच घ्या. ११९५ मध्ये दरबारातल्या बलाढ्य गटाविरुद्ध त्यांनी कडक निवेदन लिहून ठेवलं होतं. शिष्य घाबरले, म्हणाले आधी कौल लावा. आला ३३. त्यांनी मसुदा जाळला आणि स्वतःला "माघारीचा म्हातारा" म्हणवून घेऊ लागले. पण शिकवणं सोडलं नाही, लिहिणं सोडलं नाही, १२०० मध्ये जाईपर्यंत चालूच होतं. मागे घेतलं ते एक पाऊल, सगळं आयुष्य नाही. अधांतरींनी पण आधी ठरवावं, नक्की कशातून मागे सरायचंय. माणसातून, नात्यातून, की त्या रात्रीच्या तासातून?

मनवा_
पण चू शी निवेदन जाळून गप्प बसले, हे शहाणपण की भित्रेपणा?

जुनापोस्टमन
शिष्य शहाणपण म्हणाले असतील. मी तिथे असतो तर कदाचित पाठव म्हणालो असतो. माहीत नाही.

अधांतरी
दोन दिवसांनी येतेय. बिल भरलं. त्याला जेवताना, दिवसाउजेडी सांगितलं की रात्री दाराशी बोलणं आता नाही, काही बोलायचं असेल तर सकाळी बोलू. रागावले नाही, रडले नाही. तो "बरं" म्हणाला. रात्री आला होता, मी दार उघडलं नाही. अवघड गेलं. सकाळी तो काही बोलला नाही.

आता खरी अडचण. घराचा करार दोघांच्या नावावर आहे आणि नूतनीकरण आलंय. "मोठ्या कामाला हात घालू नये" म्हणजे सही करू नये, की सही न करणं हेच मोठं काम?

शंखपुष्पी
माझ्या मते सही न करणं म्हणजे घर मोडणं, ते मोठं काम. सही ही रोजच्या व्यवस्थेत बसते. करा.

जुनापोस्टमन
मला उलटं वाटतं. पुन्हा नाव जोडणं म्हणजे बैलाच्या कातड्याचा आणखी एक वेढा. थोडी मुदत मागून घ्या.

टिचकी
दोघांचाही मान राखून: करारात सोडायची नोटीस किती दिवसांची आहे, आणि एकट्याने देता येते का, हे कुणी विचारलं का?

अधांतरी
आत्ता काढून बघितलं. एक महिना, आणि दोघांपैकी कुणीही एकट्याने देऊ शकतं.

शंखपुष्पी
मग सही करा.

जुनापोस्टमन
हं. एकट्याने देता येत असेल तर माझा आक्षेप निम्मा कमी झाला. निम्मा आहेच.